डेल्टा मॉड्युलेशन: ६४ किलोबिट देऊनही 'आ' तोंडावर उशी ठेवल्यासारखा का येतो?

अर्धाबिट (धागाकर्ता)

मंडळी, सुट्टीत एक उद्योग मागे लावून घेतला आहे. माझ्याच आवाजात "आजचा आवाज साफ आहे का" हे वाक्य रेकॉर्ड केलं आणि दोन पद्धतींनी कोड केलं. एक साधं टेलिफोनी पीसीएम, जे प्रत्येक सॅम्पलची उंचीच लिहून पाठवतं: सेकंदाला ८००० सॅम्पल, ८ बिट, ए-लॉ, म्हणजे हळू आवाजाला बारीक आणि मोठ्याला जाड पायऱ्या. दुसरं सरळसोट डेल्टा मॉड्युलेशन: सेकंदाला ६४,००० सॅम्पल, प्रत्येकी एकच बिट, आणि तो फक्त एक पायरी वर की एक पायरी खाली एवढंच सांगतो. म्हणजे दोन्हीकडे ६४ किलोबिट, कुणाला झुकतं माप नाही.

माझा समज असा होता की डेल्टा आठपट वेगाने सॅम्पल घेतोय, तर तोच वरचढ ठरेल. निकाल उलटा लागला. पीसीएम स्वच्छ आलं. डेल्टामध्ये 'आ' दबलेला, 'साफ'मधला 'स' फाटका, आणि दोन शब्दांच्या मधल्या शांततेत बारीक खरखर. सिग्नल अधिक-उणे १ व्होल्टच्या पट्टीत धरला आहे. पायरी ०.०२ व्होल्ट ठेवली आहे, कारण त्याहून मोठी केली की शांततेतली खरखर कानाला सहन होत नाही.

कोड एवढाच आहे, त्यात चूक दिसते का?

```python
y = 0.0
bits = []
for s in x:              # x: 64000 samples/s
    b = 1 if s >= y else 0
    y += D if b else -D  # D = 0.02
    bits.append(b)
```

---

निनाद_०७

कोड बरोबर आहे. तुला स्लोप ओव्हरलोड लागलाय. सिग्नल इतक्या झपाट्याने चढतो की पायऱ्यांचा जिना मागे पडतो. आवाजात सगळ्यात जास्त फ्रिक्वेन्सी 'स', 'श', 'फ' यांची, त्यामुळे ओव्हरलोड तिथेच होणार. पायरी मोठी कर, प्रश्न मिटला.

---

आळशी अजगर

मला मुळात वादच कळला नाही. हल्ली फोनमधले, साउंड कार्डातले बहुतेक कन्व्हर्टर आतून एका बिटावर किंवा थोड्याशा बिटांवरच चालतात ना? म्हणजे डेल्टा जिंकलाच की. तुझ्या कोडमध्येच काहीतरी गडबड असणार.

---

वसुधा

अजगरराव, तुम्ही म्हणता तो सिग्मा-डेल्टा. नावाने भाऊ वाटतो, पण स्वभाव वेगळा. त्यात इंटिग्रेटर क्वांटायझरच्या आधी येतो, त्यामुळे उताराची मर्यादा जाऊन तिथे साध्या उंचीची मर्यादा उरते. शिवाय त्याचा एका बिटाचा प्रवाह सहसा तसाच पुढे धाडत नाहीत, चिपमध्येच गाळून त्याचं पीसीएम करतात. इथे प्रश्न बोलणं ओळीवरून पाठवण्याचा आहे, तेव्हा त्याला बाजूला ठेवू.

निनाद, निदान बरोबर, पण जागा अर्धीच बरोबर. ओव्हरलोड फ्रिक्वेन्सीवर ठरत नाही, उतारावर ठरतो. आणि साइन लहरीचा सर्वांत तीव्र उतार म्हणजे `2πfA`, फ्रिक्वेन्सी आणि उंची यांचा गुणाकार. अर्धाबिटच्या जिन्याला सेकंदाला जास्तीत जास्त ०.०२ × ६४,००० म्हणजे १२८० व्होल्ट एवढंच चढता येतं.

आता 'आ' घ्या. त्यातला पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणारा पट्टा, ७०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोकळ्या तोंडाने म्हटल्यामुळे तो दणकट असतो. उंची ०.६ व्होल्ट धरली तर उतार येतो सेकंदाला सुमारे २६४० व्होल्ट. जिन्याच्या कुवतीच्या दुप्पट! उलट 'स' टेलिफोनच्या पट्टीत, म्हणजे ३४०० हर्ट्झच्या आत गाळून घेतला, तर त्याचा फार थोडा अंश शिल्लक राहतो. समजा ०.०४ व्होल्ट. पट्टीच्या अगदी टोकाला धरूनही उतार ८५५ व्होल्टच भरतो. तो आरामात बसतो.

म्हणून मला प्रश्न पडलाय की अर्धाबिटचा 'स' फाटला कसा. तुम्ही डेल्टाला द्यायच्या आधी सिग्नल ३४०० वर गाळला होता का?

---

अर्धाबिट

ताई, पकडलंत. पीसीएमसाठी ८००० वर आणताना फिल्टर आपोआप लागला होता. डेल्टासाठी मी ४८ हजारांवरचं मूळ रेकॉर्डिंग थेट ६४ हजारांवर नेलं. सगळा 'स' जसाच्या तसा आत गेला. आत्ता पाहिलं, तिथे साडेसहा हजार हर्ट्झच्या आसपास ०.१५ व्होल्टची उंची दिसते.

---

निनाद_०७

मग मी बरोबर होतो! साडेसहा हजारांवर ०.१५ म्हणजे सहा हजारांच्या वर व्होल्ट उतार.

---

वसुधा

या फाइलपुरते होतात, मान्य. पण त्या 'स'चं दुखणं डेल्टाचं नाही, तुलनेचं आहे. एका पद्धतीला गाळलेलं पाणी आणि दुसरीला गढूळ. आधी दोघांना तेच ३४०० पर्यंतचं द्या, मग बघू.

आणि ओव्हरलोड कानाने शोधत बसू नका. एन्कोडरच्या आत चूक तुमच्या हातात असते. फरक पायरीपेक्षा मोठा झाला की ओव्हरलोड:

```python
if abs(s - y) > D:
    over += 1
```

ही ओळ `y` बदलल्याच्या नंतर घाला, आणि लूपच्या आधी `over = 0` ठेवा.

---

अर्धाबिट

फिल्टर लावला. 'स' सुधारला, ओव्हरलोडच्या मोजणीत तिथे जवळपास काही नाही. पण 'आ' तसाच. तिथे तर मोजणी सलग भरते. बिटांकडे पाहिलं तर मजेशीर: ४५-४६ एक, मग ४५-४६ शून्य, पुन्हा एक. जणू 'आ' म्हणजे चौकोनी लहर.

---

वसुधा

४६ कुठून आले ते बघा. ७०० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनात ६४,००० भागिले १४००, म्हणजे साधारण ४६ सॅम्पल बसतात. जिना अर्धं आवर्तन पूर्ण वेगाने चढतो आणि अर्धं आवर्तन पूर्ण वेगाने उतरतो. बाहेर साइन येतच नाही, त्रिकोण येतो. ४६ पायऱ्या × ०.०२ म्हणजे तळापासून टोकापर्यंत ०.९१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्रिकोणाची उंची ०.४६ व्होल्ट. आत ०.६ ची साइन गेली होती. त्रिकोणातला मूळ सूर वेगळा काढला तर तो ०.३७ व्होल्टच भरतो, चार डेसिबलहून थोडा जास्त उतरलेला. वर तो सुमारे ४० अंश मागे रेंगाळतो, कारण सिग्नल माथ्यावरून उतरायला लागला तरी जिना अजून चढतच असतो आणि दोघांची गाठ पडल्यावरच तो वळतो.

पण उशी ठेवल्यासारखं वाटतं ते केवळ चार डेसिबलमुळे नाही. 'आ'मध्ये ७०० च्या मोठ्या लहरीवर वरच्या फॉर्मंटच्या बारीक लहरी स्वार असतात आणि स्वराची ओळख त्यांच्यामुळे पटते. जिना धापा टाकत सलग ४६ वेळा "वर, वर, वर" म्हणत असतो, तेव्हा त्या बारीक लहरींची नोंद करायला त्याच्याकडे एकही मोकळा बिट नसतो. चढावर काय नक्षी होती ते कायमचं हरवतं. रिसीव्हरवर कितीही चांगला फिल्टर लावा, परत येत नाही. पीसीएमचं तसं नाही. तिथे प्रत्येक सॅम्पल आधीच्याशी फारकत घेऊन स्वतःची उंची सांगतो, त्याला चढाचं सोयरसुतक नाही.

---

निनाद_०७

मग माझा उपाय तरी बरोबर ना? पायरी मोठी करा. २६४० भागिले ६४,००० म्हणजे ०.०४१.

---

अर्धाबिट

०.०४२ करून ऐकलं. 'आ' मोकळा झाला! पण आता "आहे"मधला 'ह' गायब. अक्षरशः "आए" ऐकू येतं. आणि खरखर वाढली.

---

वसुधा

'ह'ची उंची किती आहे तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये?

---

अर्धाबिट

०.०१५ च्या आसपास.

---

वसुधा

मग जाणारच. शांततेत जिना एक पायरी वर, एक पायरी खाली असा नाचत असतो, बिट १०१०१०. हा नाच ३२ किलोहर्ट्झचा, ऐकू येत नाही. सिग्नलची उंची अर्ध्या पायरीहून कमी असेल तर या नाचात खंडच पडत नाही, म्हणजे रिसीव्हरला सिग्नल होता हेच कळत नाही. ०.०४२ ची अर्धी पायरी ०.०२१, आणि तुमचा 'ह' ०.०१५. आधी अर्धी पायरी ०.०१ होती, तेव्हा तो निसटता का होईना, दिसत होता.

सगळी गोम इथेच आहे. साध्या डेल्टात एकच पायरी, आणि तिने 'आ'चा डोंगरही चढायचा आणि 'ह'ची सुरकुतीही दाखवायची. पुस्तकातलं सूत्र फक्त डोंगरापुरतं आकर्षक दिसतं. नेमकी ०.०४१ ची पायरी आणि ०.६ व्होल्टचा ७०० हर्ट्झचा सूर घेतला तर ३४०० च्या पट्टीत सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर जवळजवळ ३८ डेसिबल निघतं. ए-लॉ पीसीएमही त्याच घरात आहे. कागदावर बरोबरी.

आता आवाज खाली आणा. ०.०३ व्होल्टचं एखादं हळू व्यंजन घ्या. पायरी अगदी ०.०२ धरली तरी डेल्टाचा नॉइज पट्टीत २.७ मिलिव्होल्टच्या आसपास राहतो, आणि गुणोत्तर १८ डेसिबलवर येतं. ए-लॉमध्ये त्या उंचीला पायऱ्याच लहान असतात, एक मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी, त्यामुळे तिथे अजूनही ३७ च्या आसपास मिळतात. डेल्टाचे ३८ हा सुळका आहे, ए-लॉचे ३८ हे पठार आहे. बोलणारा माणूस सुळक्यावर क्षणभरच उभा असतो.

---

तारयंत्री

वसुधाताईंचं शांततेबद्दलचं वाचून जुनी जखम आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी मी सुट्या भागांवर एक डेल्टा कोडर बांधला होता. ऑप-अँपचा इंटिग्रेटर, एक कंपॅरेटर, एक फ्लिपफ्लॉप, संपलं. कोणी बोलत नसताना त्यातून बारीक गुणगुण यायची, तीनशे हर्ट्झच्या आसपास. दोन रात्री मी वीजपुरवठ्यावर संशय घेत बसलो. कपॅसिटर वाढवले, अर्थिंग बदललं, काही फरक नाही.

शेवटी स्कोपवर कळलं की वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा किंचित मोठी होती.

---

शंका_कुशंका

किंचित म्हणजे किती? आणि त्याने सूर कसा तयार होतो? नाच तर ३२ किलोहर्ट्झचाच राहणार ना?

---

तारयंत्री

साधारण एक टक्का. एक वर, एक खाली झालं की जिना जागेवर यायला हवा, पण तो पायरीच्या शंभराव्या भागाने वर सरकतो. असे शंभर नाच झाले की एक अख्खी पायरी साचते आणि कोडरला एक खालचा बिट जादा द्यावा लागतो. शंभर नाच म्हणजे दोनशे सॅम्पल. ६४,००० ला दोनशेने भागा: ३२०. दर सेकंदाला ३२० वेळा एक करवतीचा दात, तो मला ऐकू येत होता. रेझिस्टर जुळवल्यावर सूर खाली खाली जात खड्ड्यात गेला, पूर्ण बंद कधीच झाला नाही.

अर्धाबिटच्या कोडमध्ये दोन्ही पायऱ्या तंतोतंत सारख्या आहेत, म्हणून त्याला सूर नाही, फक्त खरखर.

---

शंका_कुशंका

एक बाळबोध शंका. वर म्हटलंय की सलग ४६ एक आले म्हणून ओव्हरलोड. म्हणजे रिसीव्हरवर नुसते बिट पाहून कळेल का? समजा सलग दहा एक आले की ओव्हरलोड समजायचा?

---

निनाद_०७

दहा कशाला, चार पुरे. सीव्हीएसडीमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे पायरी लहान-मोठी करणाऱ्या डेल्टात, चारच बघतात.

---

वसुधा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी काठोकाठ बसणारा, ओव्हरलोड न होणारा ८०० हर्ट्झचा सूर घ्या. शून्य ओलांडताना त्याचा उतार जिन्याच्या कमाल उताराएवढाच असतो, त्यामुळे तिथे दहा-पंधरा एक सलग येऊ शकतात, आणि चूक तरीही पायरीच्या आत असते. म्हणजे सलग दहा हा पुरावा नाही. नुसत्या बिटांवरून ओव्हरलोड खात्रीने सांगता येत नाही. फक्त एन्कोडरला ते ठाऊक असतं.

सीव्हीएसडी चार बिट पाहतो ते निदान म्हणून नव्हे, इशारा म्हणून. "चढ लागलाय, पायरी वाढवायला लागा." ब्लूटूथच्या हेडसेटमधला सीव्हीएसडी घ्या, तोही ६४ किलोबिटचाच. सोळा बिटांच्या पट्टीत त्याची पायरी कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १२८०. शेवटचे चार बिट सारखे असले की पायरीत १० ची भर. नसले की ती दर सॅम्पलला १०२४ व्या भागाने आटते. रिसीव्हरलाही तेच बिट दिसतात, म्हणून पायरी किती आहे हे वेगळं कळवावं लागत नाही. माझ्या मते सगळ्या योजनेतली सुंदर गोष्ट हीच.

आता यातला वेळ बघा. १० पासून १२८० पर्यंत चढायला सलग १२७ भरी लागतात, म्हणजे दोन मिलिसेकंद. उलट आटायला कालस्थिरांक १६ मिलिसेकंद. त्यामुळे शांततेनंतर अचानक 'प' किंवा 'ट' फुटला की पहिले एक-दोन मिलिसेकंद ओव्हरलोड होतोच, आणि मोठ्या स्वराच्या पाठोपाठ आलेल्या हळू व्यंजनावर थोडा वेळ जाड पायरीची खरखर राहते. ओव्हरलोड गेला नाही, त्याची मुदत कमी झाली. अर्धाबिटच्या "आहे"मधला 'ह' मात्र दोन स्वरांच्या मध्ये अडकलेला असल्यामुळे तिथेही अडचणीतच राहील असा माझा अंदाज आहे.

---

आळशी अजगर

सिग्मा-डेल्टाचं पटलं, माघार. पण मग एवढं करून मिळवलं काय? ६४ किलोबिट द्यायचेच असतील तर ए-लॉ नको का?

---

वसुधा

६४ ला आणि स्वच्छ ओळीवर असेल तर माझं मत ए-लॉच. खेळ खाली जाताना बदलतो. पीसीएममध्ये दर सॅम्पलचा एक बिट काढला की ६ डेसिबल जातात. डेल्टामध्ये वेग निम्मा केला की ९ डेसिबल जातात. ऐकायला डेल्टा महाग वाटतो, पण ६४ वरून ३२ वर येताना पीसीएमला एकदम चार बिट सोडावे लागतात. ८०० हर्ट्झच्या पूर्ण उंचीच्या सुरावर हिशेब केला तर ३२ किलोबिटला डेल्टा २७-२८ आणि चार बिटांचं साधं पीसीएम २६. १६ किलोबिटला डेल्टा साडेअठरा आणि दोन बिटांचं पीसीएम चौदाच्या आत. दोन बिटांच्या पीसीएममध्ये बोलणं ऐकून बघा एकदा!

८०० च का, तर फिलिप्सच्या डी यागर यांनी १९५२ सालीच दाखवलं की बोलण्यात वरच्या फ्रिक्वेन्सी दुबळ्या असल्याने ८०० हर्ट्झच्या सुराला जेवढी उंची झेपते तेवढी बोलण्यालाही झेपते. ३४०० ला पूर्ण उंची झेपवायला गेलात तर ६४ हजारांवरही पायरी ०.३३ व्होल्टची लागेल. तो मग जिना नाही, तीन उड्यांचं कुंपण.

---

तारयंत्री

आणि चुका? पीसीएममध्ये वरचा बिट उलटला की कानात फटाका. डेल्टात सगळे बिट सारख्याच वजनाचे, एक उलटला तर दोन पायऱ्यांचा फरक. शिवाय शब्द कुठे सुरू होतो ते शोधावं लागत नाही, कुठूनही ऐकायला लागा. सैनिकी रेडिओंनी १६ किलोबिटचा सीव्हीएसडी वर्षानुवर्षं धरून ठेवला तो या गुणावर.

---

वसुधा

हो, पण अर्धाबिटच्या कोडमध्ये हा गुण नाही. तिथे शुद्ध बेरीज आहे, त्यामुळे एक बिट उलटला की ते दोन पायऱ्यांचं अंतर पुढे कायमचं राहतं, आणि अशा चुका साचत गेल्या की जिना पट्टीबाहेर भटकतो. थोडी गळती ठेवावी लागते. ब्लूटूथमध्ये दर सॅम्पलला ३२ वा भाग गळतो, म्हणजे चूक अर्ध्या मिलिसेकंदात विरायला लागते.

---

अर्धाबिट

गळती घालतो. पण आज आणखी एक प्रकार केला. घरातल्या चौघांना दोन फाइली ऐकवल्या, कुठली कोणती ते न सांगता: पायरी ०.०२ ची दबलेली आणि ०.०४२ ची खरखरीत. मोजमापात दुसरीचं गुणोत्तर स्पष्ट चांगलं आहे. चौघांपैकी तिघांनी पहिली निवडली! एकीने तर दुसरी "तुटलेल्या रेडिओसारखी" म्हटली.

---

निनाद_०७

चार जणांवरून काय सिद्ध होतं? आणि दोघींचा मोठेपणा सारखा केला होतास का? ओव्हरलोड झालेली फाइल हळू असणार.

---

अर्धाबिट

नव्हता केला. करून पुन्हा ऐकवतो.

---

वसुधा

निनादचा मुद्दा रास्त आहे, मोठेपणा जुळवाच. तरी निकाल फिरेल असं मला वाटत नाही. बेल लॅबमध्ये जयंत आणि रोझेनबर्ग यांनी १९७१ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, आणि ऐकणाऱ्यांचा कल गुणोत्तराच्या दृष्टीने सर्वोत्तम असलेल्या पायरीपेक्षा लहान पायरीकडे, म्हणजे जास्त ओव्हरलोडकडे होता. ओव्हरलोडची चूक मोठ्या स्वरांच्या पोटात लपते, स्वर चालू असेपर्यंतच असते. खरखर मात्र विरामातही उघडी पडते.

पण त्यांचे ऐकणारे शब्द ओळखत होते की नुसती पसंती सांगत होते, हा फरक ध्यानात ठेवा. पसंती आणि सुबोधता एक नाहीत. तुमच्या तिघांना "आहे का" नीट कळलं का, की वाक्य आधीच पाठ होतं?

---

अर्धाबिट

पाठ होतं. आठवडाभर घरात तेच वाक्य वाजतंय.

---

शंका_कुशंका

मग नवं वाक्य घे, 'ह' आणि 'फ' भरपूर असलेलं, आणि त्यांना लिहून काढायला सांग. मलाही दोन्ही फाइली ऐकायच्या आहेत. न सांगता दे.